मदत हवी आहे: जोत्याभोवतीचा कोबा भिंतीपासून सुटून आत झुकलाय

कोपरखैरणेकर: रो-हाऊसच्या मागे जोत्याला लागून २ फूट रुंद, ३० फूट लांब कोबा आहे. मधल्या १२ फुटांत पाऊण इंच फट पडलीय. बादलीभर पाणी ओतलं की गटाराकडे न जाता फटीतच जातं. गवंडी म्हणतो, फटीत सिमेंट भरून वर २ इंच कोबा मारू. मारू का?

ओलावा_वैताग: आमच्याकडेही भिंतीला ओल होती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केल्यावर थांबली. तुम्हीही तेच करा.

जुनी_वीट: प्रश्न गच्चीचा नाही. कोपरखैरणेकर, हातोडीच्या दांड्याने कोबा ठोका. आवाज पोकळ आला तर खालची माती बसलीय. पाया खणला तेव्हाची भर नीट धुमसली नसणार. नवा कोबा तिच्याच डोक्यावर बसेल, वजन वाढेल आणि तो आणखी खचेल. मधल्या १२ फुटांतच का, गच्चीचा पाइप तिथे पडतो का?

कोपरखैरणेकर: आवाज पोकळच आहे. आणि हो, पाइप तिथेच थेट कोब्यावर पडतो. गच्ची साधारण ६०० चौ. फूट.

जुनी_वीट: मग चोर सापडला. तासाला २ इंच पाऊस झाला तरी एवढ्या गच्चीवरून अडीच-पावणेतीन हजार लिटर पाणी त्या फटीत ओतलं जातं.

आधी पाइपला खाली एल्बो लावून पाणी थेट गटारात न्या. मग तेवढा तुकडा फोडा, भुसभुशीत माती घट्ट थर लागेपर्यंत काढा. पण पायाच्या तळाखाली जाऊ नका. मुरूम थोडा ओला करून ६-६ इंचांच्या थरांत धुमसा. वाळू भरू नका, चिकणमातीतल्या खड्ड्यात तिची पाण्याची टाकी होते. वर ३ इंच विटांचे तुकडे ठोकून बसवा आणि ३ इंच काँक्रीट घाला. जागा असेल तर रुंदी ३ फूट करा, ३ फुटांत १ इंच उतार द्या. भिंतीला काँक्रीट चिकटवू नका. अर्धा इंच फट ठेवून ती डांबर-वाळूने भरा, म्हणजे माती थोडी बसली तरी भिंतीशी ओढाताण होत नाही.

खडी_पाइप: त्यापेक्षा पायालगत चर खणून भोकांचा पाइप आणि खडी टाका, कायमची सुटका.

जुनी_वीट: चराचं पाणी पुढे उताराने जाणार असेल तरच. नाहीतर पायाशेजारी हौद बांधल्यासारखं होईल.

कोपरखैरणेकर: तिथेच अडचण आहे. ट्यूबने लेव्हल घेतली. रस्त्याच्या नाल्याचा तळ आमच्या गटारापेक्षा फक्त २ इंच खाली आहे, आणि भरतीला नाला तुंबतो.

जुनी_वीट: ३० फुटांत १०० ला १ उतार धरला तर साडेतीन इंच लागतात. वरचं टोक दीड इंच उचलता येईल, पण गटाराचा काठ कोब्याच्या खालीच राहायला हवा. भरतीचं पाणी मात्र उताराने अडणार नाही. तोंडाशी झडप लावता येते, पण ती बंद असताना तुमचं पाणीही आतच राहील. नाल्याच्या तोंडाचा फोटो टाका, मग बोलू.