‘वेल’साठी ‘बरं’ चालेल का?

अनुवादिका
एका इंग्रजी कथेच्या अनुवादात मी अडले आहे. नाटक पाहून आलेल्या मैत्रिणीला नायिका विचारते, ‘‘आवडलं का नाटक?’’ आणि मैत्रीण उत्तर देते, ‘‘वेल, नेपथ्य सुंदर होतं.’’ मी ‘‘बरं, नेपथ्य सुंदर होतं’’ असे लिहिले. त्यावर संपादकांचे म्हणणे असे की ही बाई प्रश्न झटकून विषय बदलते आहे असे वाटते. शब्दकोशात तर ‘वेल’समोर ‘बरं’ हाच अर्थ मिळतो. मग चूक नेमकी कुठे आहे?

मूळशोधक
माझ्या मते चूक मुळीच नाही. ‘बरा’ हा ‘वर’पासून आला असून त्याच्या मुळाशी ‘निवडणे’ या अर्थाचा ‘वृ’ धातू आहे, आणि इंग्रजी ‘वेल’चे नाते याच धातूच्या कुळाशी जोडले जाते. दोन्ही शब्द ‘चांगले’ या अर्थावरून उद्गारापर्यंत आले. इतके सख्खे नाते असताना दुसरा शब्द का शोधावा?

ध्वनिफीत
नाते मान्य आहे, पण आज त्या दोन शब्दांची कामे वेगळी आहेत. संशोधनासाठी ध्वनिमुद्रित संभाषणे उतरवून घेण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्यावरून सांगतो. ‘बरं’ बहुधा समोरच्याचे बोलणे पोहोचल्याची पावती देते आणि पुढचा मुद्दा उघडते: ‘‘बरं, मग उद्या कोण येणार?’’ या वापरात इंग्रजीतही ‘वेल’ येऊ शकते, त्यामुळे कोश खोटा ठरत नाही. मैत्रिणीचे ‘वेल’ मात्र निराळे आहे. प्रश्नाने ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच दरवाजे उघडे ठेवले होते, आणि आपण त्यांपैकी एकातूनही सरळ जाणार नाही याची सूचना ती आधीच देते. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा शिफ्रिन यांनी १९८७ साली फिलाडेल्फियातील संभाषणांच्या आधारे ‘वेल’चे हेच काम दाखवले होते.

मराठीत हे काम ‘तसं’ करते: ‘‘तसं… नेपथ्य सुंदर होतं.’’ नकार द्यायचा असेल तर ‘‘त्याचं काय आहे ना,’’ अशी सुरुवात होते. ती ऐकताच ‘नाही’ येणार हे आपण ओळखतो.

अनुवादिका
‘‘नेपथ्य तर सुंदर होतं’’ कसे वाटते? मला ते अधिक स्वाभाविक वाटते.

ध्वनिफीत
स्वाभाविक आहेच, आणि बाकीचे आवडले नाही हे त्यातून पुरेपूर पोहोचते. पण माझ्या मते ते जरा जास्तच पोहोचते. ‘वेल’ कोणत्याही मजकुराच्या आधी येते आणि बोलणारीला क्षणभर अवधी देते. ‘तर’ मात्र ‘नेपथ्य’ या शब्दाला चिकटून उरलेल्या नाटकावर बोट ठेवते. मैत्रीण स्पष्टवक्ती असेल तर ‘तर’ ठेवा, सांभाळून बोलणारी असेल तर ‘तसं’.

वक्तृत्वशिक्षक
हे सगळे शब्द भाषणातून काढूनच टाकावेत असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. एक मुलगी प्रत्येक वाक्यात ‘म्हणजे’ आणि ‘ना’ म्हणत असे. ते थांबवल्यावर तिच्या बोलण्यात धार आली. अनुवादातही ‘वेल’ गाळावे.

अनुवादिका
‘‘आवडलं का नाटक?’’ ‘‘नेपथ्य सुंदर होतं.’’ असे केले तर मैत्रीण तुटक होते. प्रश्न भाषणाचा नाही, दोघींच्या गप्पांचा आहे.

ध्वनिफीत
‘ना’ला अडथळा मानणे मला पटत नाही. ‘‘तो आलाय ना’’ म्हणताना ही गोष्ट तुलाही ठाऊक आहे असे आपण धरून चालतो, किंवा दुजोरा मागतो. ‘‘तो आलाय की’’ म्हणताना तो आलेला नाही असा समोरच्याचा समज आपण खोडतो. बातमी तीच, पण ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे याविषयीचा अंदाज उलटा. ‘यू नो’चे भाषांतर ‘तुला माहीत आहे’ असे केले की फसगत होते ती यामुळेच. ऐकणाऱ्याला नवी असलेली गोष्ट सांगतानाही इंग्रजी माणूस ‘यू नो’ म्हणतो. तिथे मराठीत ‘‘काल ना, मी ना,’’ असे तुकड्यातुकड्याला ‘ना’ येते आणि ऐकणाऱ्याचे लक्ष धरून ठेवते.

शुद्धलेखनप्रेमी
मग आजची मुले मराठी बोलताना थेट ‘वेल’ म्हणतात, ते आपण लिहिण्यातही स्वीकारायचे का? घरात ‘तसं’ आणि ‘त्याचं काय आहे’ असताना ही उसनवारी मला बोचते.

मूळशोधक
‘खैर’ आणि ‘बाकी’ हेही बाहेरूनच आले. त्यांना कोणी अडवले होते?

शुद्धलेखनप्रेमी
ते रुळायला काही पिढ्या गेल्या. शिवाय ‘खैर’ आजही माझ्या कानाला हिंदीच वाटते.

ध्वनिफीत
माझ्या कानाला इथे एक फरक जाणवतो. मराठीत आलेले ‘वेल’ अवघडलेले कमी आणि ऐटदार जास्त वाटते. ‘‘वेल, मला नाही पटत’’ म्हणणारा नकार मऊ करत नाही, उलट ठामपणे मांडतो. तसे असेल तर तो ‘तसं’च्या जागी आलेलाच नाही.

शुद्धलेखनप्रेमी
हे मला मान्य नाही. माझी भाची अगदी अडखळत, शब्द शोधतानाच ‘वेल’ म्हणते.

अनुवादिका
तूर्त ‘‘तसं… नेपथ्य सुंदर होतं’’ असे लिहून पाठवते. पुढच्याच पानावर हीच मैत्रीण नुसते ‘‘वेल?’’ असे विचारून नायिकेकडे बघत राहते, तिथे ‘तसं’ अजिबात बसत नाही.

मूळशोधक
तिथे ‘‘बरं?’’ लिहा.

ध्वनिफीत
‘‘मग?’’