मदत हवी आहे: ८०० मीटरच्या मुलीचं टायमिंग घसरतंय, वर्कआउट वाढवू की कमी करू?

लाल_माती:
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. माझ्याकडे १५ वर्षांची मुलगी ८०० मीटर धावते, यंदा दहावीत. उन्हाळ्यात तिचं टायमिंग २:२४ होतं. गेले दोन महिने २:३० च्या आत येत नाही, मागच्या चाचणीत २:३२. आधी वाटलं सुस्ती आली, म्हणून ४०० च्या रेपिटेशन वाढवल्या. टायमिंग आणखी घसरलं.

बाकी बदल असे: सारखी सर्दी. पूर्वी मैदानावर सगळ्यात आधी हजर असायची, आता पावसाचं निमित्त शोधते. लहानसहान बोलण्यावर डोळ्यांत पाणी. सकाळी उठल्या उठल्या नाडी ५८ असायची, आता ६८ च्या आसपास.

माझ्याकडे सोमवार ते शनिवार सकाळी साधारण १०० मिनिटं सराव होतो. त्यातले दोन दिवस कडक, चार दिवस मध्यम. दीड महिन्यात विभागीय स्पर्धा आहे. काय करू?

जुना_धावपटू:
सर, घाबरू नका. या वयात मुलींचं अंग भरतं, वर्ष-दीड वर्ष टायमिंग अडकतं. आमच्या वेळी पण व्हायचं. रक्त तपासा, हिमोग्लोबिन कमी असणार. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू करा. आणि थोडा मनाचा कणखरपणा लागतोच, लगेच सुट्टी दिली की मुलं लाडावतात.

नडगी_आणि_पोटरी:
रक्त तपासायचं बरोबर, पण नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिनही करा. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही लोहाचा साठा रिकामा असलेल्या धावणाऱ्या मुली मी बऱ्याच पाहिल्यात. (मी फिजिओ आहे, खेळाडूंसोबत काम करते.)

अंग भरतं हेही खरं, पण त्याने टायमिंग अडकतं. दोन महिन्यांत आठ सेकंद, वर सर्दी, वर रडू, हे सगळं अंग भरण्याच्या खात्यावर टाकता येणार नाही.

सर, तीन गोष्टी विचारा. ती तुमच्याव्यतिरिक्त कुठे पळते का? झोप किती? आणि पाळी नियमित आहे का? शेवटचा प्रश्न तुम्ही स्वतः विचारू नका, आईला किंवा शाळेतल्या बाईंना सांगा.

क्रिकेटचा_बाबा:
माझ्या मुलाचंही सेम! १३ वर्षांचा, फास्ट बॉलर, गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला टेंगूळ आलंय, दुखतं. हे ओव्हरट्रेनिंगच ना?

नडगी_आणि_पोटरी:
@क्रिकेटचा_बाबा, ते बहुतेक वाढीच्या वयातलं गुडघ्याचं दुखणं आहे, विषय वेगळा. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि वेगळा धागा काढा, इथे दोन्हींची सरमिसळ होईल.

लाल_माती:
ताई, विचारलं. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती एका खाजगी अकॅडमीत तासभर जाते, तिथे जिना आणि वजनं. रविवारी आसपास कुठे बक्षिसाची १० किलोमीटर असली की घरचे तिथे उतरवतात. झोप साडेपाच तास, कारण रात्री क्लास. अकॅडमीत कुणीतरी ‘वजन कमी कर, टायमिंग येईल’ म्हटलं, तेव्हापासून रात्रीची भाकरी बंद आहे. सकाळी चहा पिऊन मैदानावर येते, पहिलं खाणं मधल्या सुट्टीत. बाईंनी आईशी बोलून सांगितलं की पाळी तीन महिन्यांहून जास्त आलेली नाही.

जुना_धावपटू:
पळणाऱ्या मुलींची पाळी लांबतेच, त्यात विशेष नाही. फिट असल्याचं लक्षण मानायचो आम्ही.

पटियाला_रिटर्न:
दादा, हे मात्र सोडून द्या. जेवण कमी आणि खर्च जास्त झाला की शरीर आधी पाळी बंद करतं, नंतर हाडं कच्ची राहतात. याच वयात हाडं भरतात, ती संधी परत येत नाही. तीन महिने पाळी नाही म्हणजे आधी डॉक्टर, मग वर्कआउट. आणि नडगीचं हाड बोटाने दाबून पाहा. लांबवर दुखत असेल तर एक वेळ पोटरी जड झाली असेल. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखलं तर त्याच दिवशी पळणं बंद, एक्स-रे स्वच्छ आला तरी बंद, कारण सुरुवातीला हाडाची बारीक चीर त्यात दिसत नाही.

आता लोड. सर, साधा हिशेब करा. प्रत्येक सरावानंतर अर्ध्या तासाने तिला विचारायचं, १ ते १० मध्ये किती जड गेलं? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. तुमच्याकडचे दोन कडक दिवस ८ धरले तर १६००. चार मध्यम दिवस ५ ने २०००. अकॅडमीचे तीन तास ६ ने १०८०. रविवारची शर्यत ५० मिनिटं, ९ ने ४५०. बेरीज ५१३०. तुम्ही ३६०० चा कार्यक्रम लिहिलात, पोरगी ५१३० चा करतेय, तोही एकही सुट्टी न घेता.

तासांत पाहिलं तर हे जेमतेम १४ तास होतात. वयाच्या आकड्याइतके तास चालतील असा जो ठोकताळा आहे, त्यात ती बसते. म्हणून त्यावर विसंबू नका, त्यात झोप आणि भाकरी मोजलेली नसते.

लाल_माती:
मग नक्की किती कमी करू? आणि नाडी ५८ ला आली की परत सुरू?

पटियाला_रिटर्न:
नाडीवर एकटीवर जाऊ नका. खूप थकलेल्या खेळाडूची नाडी कधी उलट खालीही राहते, पळतानाही वर चढत नाही, आणि आपल्याला वाटतं फिटनेस वाढला. मी तिचं स्वतःचं उत्तर जास्त मानतो. जो मध्यम राउंड पूर्वी ४ वाटायचा तो आज त्याच वेगाने ७ वाटतो, ही खरी खूण.

डॉक्टरांनी पळायला हरकत नाही म्हटलं तर पहिले दोन आठवडे संध्याकाळ बंद, रविवार बंद, घड्याळ बंद. चार दिवस ४० मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगाने. आठवड्याचा आकडा ५०० च्या आसपास राहील. दोन आठवड्यांनी एकच ठरलेला राउंड ठरलेल्या वेगाने घ्या आणि विचारा किती जड गेला. पूर्वीसारखा ४ आला, झोप-मूड सुधारला, तर तिसऱ्या आठवड्यात आधीच्या तुमच्या कार्यक्रमाच्या निम्म्यावर या, त्यात कडक दिवस एकच, आणि रविवार पक्की सुट्टी. आधी मिनिटं वाढवा, वेग नंतर. दोन्ही एकाच आठवड्यात नको.

सुधारलं नाही आणि डॉक्टरांना दुसरा आजार सापडला नाही, तर हे महिन्यांचं प्रकरण समजा.

नडगी_आणि_पोटरी:
मैदानावर यायच्या आधी एक केळं किंवा पोळी-गूळ, संपल्यावर लगेच पुन्हा खाणं. भाकरी परत सुरू. चहा जेवणाबरोबर नको, लोह शोषलं जात नाही. लोहाच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका.

लाल_माती:
रिपोर्ट आले: हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन ११. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ शुक्रवारची मिळाली आहे. नडगी दाबून पाहिली, कुठेच दुखत नाही. अकॅडमीच्या सरांना फोन केला, ते एक महिना सोडायला तयार झाले, जरा नाराजीने.

वडील मात्र विभागीयसाठी अडून बसलेत. दहावीला खेळाचे गुण मिळतात, हा त्यांचा मुद्दा आहे.

जुना_धावपटू:
फेरिटिनचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद ताई. पण विभागीय सोडू नये. सराव कमी करून एक शर्यत पळायला काय हरकत?

पटियाला_रिटर्न:
माझं मत उलटं. शर्यत एक असली तरी तिच्या भीतीने घरचे आठव्या दिवसापासून जोर लावतील.

नडगी_आणि_पोटरी:
मी आत्ता हो किंवा नाही म्हणणार नाही. शुक्रवारी डॉक्टर काय म्हणतात आणि दोन आठवड्यांनी तो राउंड तिला किती जड जातो, यावर ठरवा. वडिलांना त्या दिवशी मैदानावर बोलवा, तिचं उत्तर त्यांनी स्वतः ऐकू दे.