टेकआऊट डबल: भिडूला ताकद सांगतो की वाटणी?

किलवरदुर्री
नवीन मंडळींसाठी ब्रिजच्या बोलींचं मराठीत टिपण लिहितोय. 'टेकआऊट डबल'पुढे माझ्या भिडूने लिहून दिलं: 'ओपनिंगइतके पॉइंट आहेत, भिडू तू बोल.' मला हे अर्धवट वाटतं, आणि त्याला कारण परवाचा डाव.

भिडूच्या उजवीकडच्याने एक बदाम उघडलं. भिडूने ह्या पानांवर डबल दिला:
इस्पिक राजा, पंजी
बदाम राणी, अठ्ठी, चौकी
चौकट एक्का, गुलाम, सत्ती, दुर्री
किलवर राजा, गुलाम, छक्की, तिर्री

पुढचा दोन बदाम बोलला. माझ्याकडे इस्पिक राणी-9-6-3, बदाम 7-2, चौकट राजा-8-5, किलवर राणी-10-7-4. मी दोन इस्पिक बोललो, पुढे तिघेही पास. दोघांची मिळून इस्पिकची सहा पानं. दोन हात कमी पडले, आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे 200. भिडू म्हणतो, किलवरची आपल्याकडे आठ पानं होती, तू तीन किलवर बोलायला हवं होतंस. मला त्याचे किलवर दिसणार कसे? टिपणात अर्थ काय लिहू?

हुकुमाचा एक्का
सोपं आहे. टेकआऊट डबल म्हणजे त्यांच्या रंगाचं एकच पान आणि उरलेल्या तिन्ही रंगांची चार-चार. ही वाटणी नसेल तर पास. असंच लिहा, वाद मिटला.

जुना डाव
वाद मिटेल, पण डबलही मिटेल. 4-4-4-1 वाटणी शंभरात तीन वेळाच येते, त्यातही एकट पान नेमकं त्यांच्याच रंगाचं हवं. वर्षातून चार वेळा डबल द्यायचा असेल तर तुमची व्याख्या बरोबर आहे.

ती आदर्श वाटणी आहे, अट नव्हे. अट अशी: त्यांचा रंग आखूड, म्हणजे दोन किंवा कमी पानं, न बोललेल्या प्रत्येक रंगाची किमान तीन, आणि एक बदामवर डबल असेल तर इस्पिकची चार पानं असतील असं भिडू धरून चालतो. इस्पिक वरचा रंग, गेमला दहाच हात लागतात, म्हणून तो आधी तिकडेच बघणार. किलवर-चौकटपैकी एकाची तीनच असली तर चालतं. इस्पिकची दोन असली तर चालत नाही.

म्हणून किलवरदुर्री, तुमची दोन इस्पिकची बोली बरोबर होती. इस्पिक आणि किलवर दोन्हींची चार-चार असताना इस्पिकच बोलायचे, तेही एक पायरी खाली. तीन किलवर बोलायला तुम्हाला भिडूची पानं उघडी दिसायला हवी होती.

किलवरदुर्री
हेच मी त्याला सांगतोय. पण त्याचं म्हणणं, 14 पॉइंट घेऊन पास कसा म्हणू?

जुना डाव
तोंडाने म्हणायचा. गंमत नाही करत. त्याच हातातून बदामची राणी आणि अठ्ठी काढा, त्या जागी इस्पिकचा गुलाम आणि अठ्ठी घाला. आता इस्पिक राजा-गुलाम-8-5, बदाम एकटी चौकी, बाकी तसंच. पॉइंट 14 चे 13 झाले. पण तुमच्या दोन इस्पिकला आता आठ हुकूम मिळतात, बदामचा एकच हात जातो आणि पुढचे बदाम भिडूच्या हुकमाने मारता येतात. मूळ हातात ती बदामची राणी दोन पॉइंटची मोजली, पण एक्का-राजा समोरच्यांकडे असताना हुकमाच्या डावात तिचा उपयोग जवळपास शून्य.

पॉइंट एकाने कमी आणि डबल कितीतरी चांगला. टिपणात व्याख्येऐवजी हे दोन हात शेजारी-शेजारी छापा.

बदामराणी
माझ्याही बाबतीत झालंय हे! समोरच्यांनी एक नो ट्रंप उघडलं, माझ्याकडे 16 पॉइंट, मी डबल दिला. भिडूने चारच पॉइंट घेऊन पास म्हटलं आणि त्यांनी सात हात केले. डबल टेकआऊट असतो ना? मग तो बोलला का नाही?

हुकुमाचा एक्का
भिडू चुकला. डबलवर पास म्हणायचंच नसतं.

जुना डाव
दोघेही थांबा. नो ट्रंपवरचा डबल हा ह्या चर्चेतला डबलच नाही. तिथे त्यांनी कुठलाच रंग बोललेला नाही, मग 'उरलेले रंग' कुठून आणणार? जुन्या पद्धतीत तो ताकदीचा डबल, हात पाडायचा. तुमच्या भिडूकडे लांब रंग नसेल तर पास ठीक होता, नशीब वाईट. आता काहीजण तो डबल दोन रंग दाखवायलाही वापरतात, ते भिडूशी आधी ठरवायचं.

आणि एक्काराव, रंगावरच्या डबलवरही पास असतो. तुमच्या उजवीकडचा पास म्हणाला आणि तुमच्याकडे बदामचीच राणी-गुलाम-दश्शीसकट पाच-सहा पानं असतील, तर खुशाल पास करा, त्यांना एक बदाम डबलमध्ये खेळू द्या. फक्त 'माझ्याकडे काहीच नाही' म्हणून पास करायचा नाही. शून्य पॉइंटवर तर बोलायलाच हवं, कारण गप्प बसलात तर ते तेच एक बदाम डबलमध्ये आरामात करतील.

हुकुमाचा एक्का
बरं, हे मान्य. पण मग 'वाटणीचं वचन' सरसकट नाही म्हणा की. माझा भिडू परवा एक बदामवर डबल देऊन पुढे स्वतःच दोन चौकट बोलला. त्याच्याकडे इस्पिकची दोनच पानं होती!

जुना डाव
पॉइंट किती होते?

हुकुमाचा एक्का
19. चौकट सहा.

जुना डाव
मग चोख बोली. 17-18च्या वर आणि स्वतःचा रंग लांब असेल, तर नुसता रंग बोलल्याने ताकद कळत नाही, म्हणून आधी डबल आणि भिडूच्या उत्तरानंतर आपला रंग. दुसऱ्या बोलीने तो वाटणीचं वचन मागे घेतो. किलवरदुर्रींच्या भिडूकडे ना तेवढी ताकद होती, ना वचन मागे घ्यायला रंग. दोन इस्पिकवर त्याला पाससुद्धा मुकाट्याने म्हणावा लागला.

बदामराणी
आमच्याकडे शिकवताना 'माहितीचा डबल' म्हणायचे. ते बरं नाही का टिपणाला?

जुना डाव
ऑक्शन ब्रिजच्या काळातलं इंग्रजी नाव साधारण त्याच अर्थाचं होतं. चालेल, पण टेबलावर नुसतं 'डबल' म्हणतात आणि तेच म्हणणार. आणि समोरच्यांनी विचारलं तर अर्थ नीट सांगायचा, तो त्यांचा हक्क आहे. 'काहीतरी 12 पॉइंट' हे उत्तर नव्हे.

किलवरदुर्री
मग असं लिहितो: 'त्यांचा रंग आखूड, बाकीच्यांना आधार, न बोललेल्या मोठ्या रंगाची चार पानं, साधारण 12 पॉइंट, नाहीतर 17-18च्या वर काहीही.' एक शंका उरते. एक बदामवर इस्पिकची तीन, बदाम दोन, चौकट-किलवर चार-चार, 14 पॉइंट. डबल?

जुना डाव
मी देतो.

हुकुमाचा एक्का
मी नाही देणार. भिडू चार इस्पिकवर उडी मारून बसला तर सात हुकमांत दहा हात करा.

जुना डाव
तो चार पानांवर तीन इस्पिकपर्यंतच जाईल, आणि तिथे मी पास म्हणेन. पण पेअर्समध्ये माझ्याच क्लबातले निम्मे लोक तुमच्या बाजूचे आहेत, हे खरं.

किलवरदुर्री
मग टिपणात इस्पिकपुढे 'चार, क्वचित तीन' लिहितो. 'दोन' मात्र लिहिणार नाही, भिडू कितीही भांडला तरी.