ममी: मसाला भरलेली, मुरवलेली की खारवलेली?

अनुवादिका: मुलांच्या मासिकासाठी इजिप्तवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'ममी' हा शब्द तसाच ठेवीन, पण ती करण्याच्या क्रियेला काय म्हणू? आपल्याकडे सर्रास 'मसाला भरून ठेवलेलं प्रेत' लिहितात. संपादकांचं म्हणणं, मसाला भरून म्हटलं की पोरांना भरली वांगी आठवणार.

बोरूबहाद्दर: 'मुरवणे' लिहा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय की प्रेत 70 दिवस खारात ठेवत. म्हणजे कैरीसारखंच, मिठाच्या पाण्यात.

जुनाखोत: खार बरोबर, पाणी चूक. हेरोडोटसने वापरलेलं ग्रीक क्रियापद मासे खारवण्यालाही चालायचं. त्यावरून पूर्वीच्या काही अभ्यासकांनी खाऱ्या पाण्याचा हौद कल्पिला. पण पाण्यात ठेवलेलं शरीर फुगतं, कातडी सुटते. इजिप्शियन लोक कोरडा खार वापरत, आपल्याकडे बोंबील खारवून सुकवतात त्या जातीचं काम. आणि 70 दिवस हे मरणापासून दफनापर्यंतचे. त्यातले खारातले साधारण 40, बाकीचे तेल, राळ आणि पट्ट्यांत जात. तेव्हा 'खारवणे'.

सुगरण: हा खार कसला पण? साधं मीठ?

जुनाखोत: नेट्रॉन. कैरोच्या वायव्येला वादी नत्रून नावाचा सखल भाग आहे, तिथली तळी आटली की काठावर पांढरा थर उरतो. धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, थोडं मीठ. तुमच्या पापडखाराचा सख्खा चुलतभाऊ. मीठ नुसतं पाणी ओढतं, हा चरबीचीही वाट लावतो.

आधी डाव्या कुशीवर छेद घेऊन फुप्फुसं, यकृत, जठर, आतडी काढायची, कारण सडणं पोटातून सुरू होतं. मग पोटात खाराच्या पुरचुंड्या ठेवून वरून अख्खं शरीर खारात पुरायचं. 1994 साली बॉब ब्रायर आणि रॉन वेड यांनी अमेरिकेत देहदान झालेल्या एका शरीरावर हे करून पाहिलं. एका माणसाला अडीचशे किलोंहून जास्त नेट्रॉन लागलं आणि 35 दिवसांनी शरीर वाळलेलं निघालं. मेंदू नाकातून आकड्याने ओढून काढत असं आपण वाचतो. त्यांना तो ओढता येईना. आत पाणी सोडून, घुसळून, पातळ करून ओतावा लागला.

आखाती: माझा भाऊ दुबईत वारला तेव्हा विमानाने आणायला एम्बामिंगचा दाखला लागला होता. इथे त्याबद्दल चाललंय ना? त्याला मराठीत काय म्हणतात ते आम्हाला तेव्हाही कोणी सांगू शकलं नाही.

जुनाखोत: वाईट वाटलं. ती क्रिया वेगळी, शिरेतून औषध भरतात आणि ते काही दिवसांपुरतंच असतं. तिला 'खारवणे' म्हणता येणार नाही. दोन्हींना एकच शब्द नको, हे तुमच्यामुळे लक्षात आलं.

बोरूबहाद्दर: हरकत मागे. पण मसालाही होताच की! राळ, सुगंधी तेलं?

जुनाखोत: होता, खारानंतर. आणि तो जास्त झाला की घात. तुतनखामेन राजावर राळ इतकी ओतली होती की तो शवपेटीला चिकटून बसला. 1925 मध्ये त्याची कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या माणसांनी पेटी उन्हात ठेवून पाहिली, राळ वितळेना. शेवटी छिन्न्या लावल्या, हातपाय सुटे झाले. 'ममी' हे नावही त्या काळ्या राळेचंच देणं. फारसीत मोम म्हणजे मेण, त्यावरून मूमिया म्हणजे डोंगरातून झिरपणारं काळं डांबर. प्रेतावरची राळ तेच डांबर समजून लोकांनी नाव चिकटवलं. उत्तरकाळातल्या काही ममींवर खरंच डांबर सापडलंय, त्यामुळे चूकही पुरती चूक नाही.

अनुवादिका: आणि हृदय? मूळ लेखात ते काढत नसत असं आहे.

जुनाखोत: मुद्दाम ठेवत. त्यांच्या लेखी बुद्धी, आठवण सगळं हृदयात. मेंदू म्हणूनच टाकून देत. पुढे मेल्यानंतरच्या न्यायाच्या वेळी हृदय सत्याची देवी माआत हिच्या पिसाशी तोललं जाणार. त्यावर दगडी भुंगा ठेवत, त्याच्यावर मंत्र कोरलेला: माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. तुतनखामेनच्या ममीत मात्र हृदय नाही. का नाही, यावर एकमत नाही.

सुगरण: स्वतःच्याच हृदयाला गप्प राहायला सांगायचं. छान आहे.

संस्कृतप्रेमी: माझी हरकत 'प्रेत'वर आहे. प्र + इत, म्हणजे निघून गेलेला. आपण देह जाळतो तो त्याच अर्थाने, मागे काही ठेवायचं नाही.

जुनाखोत: हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. त्यांच्याकडे उलट. 'बा' नावाचा माणसाच्या तोंडाचा पक्षी दिवसा बाहेर हिंडतो आणि रात्री देहाकडे परततो, म्हणून देह टिकला पाहिजे. साध्या प्रेताला त्यांचा शब्द 'खात'. संस्कार होऊन गुंडाळलेल्याला 'साह', आणि त्याच शब्दात मान-प्रतिष्ठेचाही अर्थ. मुडदा आत जातो आणि मानकरी बाहेर येतो, असं काहीतरी.

अनुवादिका: मग 'खारवून जतन केलेला देह' लिहिते. संपादक आता म्हणतील, पोरांना सुकट आठवेल.

बोरूबहाद्दर: आठवू दे. 'मुरवलेला' मला अजून ऐकायला बरा वाटतो.