मदत हवी आहे: एनसीएमसी कार्ड तडकलं, त्यातली शिल्लक परत मिळते का?

वडिलांचं मेट्रोचं रुपे एनसीएमसी कार्ड कडेला तडकलंय. गेट वाचत नाही, तिकीट खिडकीवरच्या मशीनवरही टॅप होत नाही. आत साडेचारशेच्या आसपास रुपये आहेत. शिल्लक कार्डाच्या चिपमध्येच असते, त्यामुळे कार्ड हरवलं तर ती गेली, हे माहीत आहे. पण हे कार्ड हातात आहे, सोनेरी चिप शाबूत आहे, नंबर वाचता येतो आणि मोबाईल नंबर जोडलेला आहे. बहुतेक आतली अँटेनाच तुटली असावी. खिडकीवर बँकेकडे जा म्हणाले, हेल्पलाइनने फक्त कार्ड ब्लॉक करू का विचारलं. अजून केलेलं नाही.

कुणाला अनुभव आहे का? बँक चिप मशीनमध्ये घालून शिल्लक वाचून नव्या कार्डात टाकते का, की आधीच्या व्यवहारांवरून ठरवते? आणि आधी ब्लॉक केलं तर ते पैसे अडकतील का?