मदत हवी आहे: स्प्रेचे रिकामे डबे आणि रंगाचे डबे कचऱ्यात कसे द्यायचे?

सुमेधा_पुणे: काल फाटकाशी कचऱ्याची कॉम्पॅक्टर गाडी कचरा दाबत असताना आत धाडकन आवाज झाला आणि जाळ वर आला. नंतर डासांच्या स्प्रेचा फाटलेला डबा निघाला. कचरा भरणाऱ्या ताई वीतभर अंतरावर उभ्या होत्या. तो डबा आमचाच असावा. रिकामा समजून मी सुक्या कचऱ्यात टाकला होता. तेव्हापासून चैन नाही. घरात अजून तीन डिओ आणि ऑइलपेंटचा एक डबा आहे. काय करू?

नाना_भोर: खिळ्याने भोक पाडा. गॅस निघून गेला की भंगारवाला घेतो. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतोय.

शेडवाला: नाना, गॅस काढायचा हे बरोबर, पण भोक पाडू नका. खिळा आणि हातोडीची एक ठिणगी पुरते. डब्यावरच लिहिलेलं असतं, वापरून झाल्यावरही भोसकू किंवा जाळू नका. मी सुका कचरा वेगळा करण्याच्या शेडवर काम केलंय. यातल्या बहुतेक स्प्रेंत स्वयंपाकाच्या गॅसचाच प्रकार असतो. औषध संपलं तरी तो उरतो, आणि गाडीत डबा चेपला की एकदम बाहेर येतो.

सुमेधाताई, मोकळ्या हवेत, आसपास शेगडी किंवा सिगारेट नसताना बटण दाबा. डबा हाताला गार लागला तर आत अजून पातळ गॅस आहे. गारठल्याने दाब उतरतो आणि डबा संपल्यासारखा वाटतो. तासभर ठेवून पुन्हा दाबा. गार लागणं आणि फुसफुस दोन्ही थांबेपर्यंत हे करा. मग वेगळ्या पिशवीत, सांगून द्या.

ऑइलपेंटचं झाकण उघडून तो सावलीत, मुलांपासून लांब, तळापर्यंत वाळू द्या. ओल्या रंगातल्या थिनरची वाफ पेट घेते.

भटक्या_सह्याद्री: ट्रेकच्या शेगडीचं २३० ग्रॅमचं काडतूस? थंडीत शेगडी विझली म्हणून मी ते संपलं समजून सॅकमध्ये टाकलं. घरी हलवलं तर आत खळखळत होतं!

शेडवाला: त्यातला ब्युटेन गॅस शून्य अंशाच्या आसपास उकळायचा थांबतो, म्हणून गारठ्यात ज्योत आधी मरते. घरी आणून, उघड्यावर शेगडीतच जाळून संपवा.

मंगल_ताई: आमचा सिलिंडर संपला की मी रेग्युलेटर काढून झाकण लावते. बरोबर ना?

शेडवाला: बरोबर, ताई. पण तो कचऱ्यात जातच नाही, एजन्सीला परत द्यायचा. इथे छोट्या डब्यांचं चाललंय.

सुमेधा_पुणे: तुमचं वाचून दोन डिओ रिकामे केले. तिसऱ्याचं बटण तुटलंय आणि आत खळखळतंय. वॉर्ड ऑफिसात विचारलं, तर "सुक्यातच टाका" म्हणाले. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे घरगुती घातक कचऱ्यात होते ना?

शेडवाला: होते. तसाच दुसरा डबा असेल तर त्याचं बटण बसतंय का बघा. नाही बसलं तर जबरदस्ती नको. "आत गॅस आहे" अशी चिकटपट्टी लावून सावलीत ठेवा. पुढे तो कोण घेईल, ते आमच्या शेडवरही ठरलेलं नव्हतं.

सुमेधा_पुणे: तोवर गॅलरीत, उन्हापासून दूर ठेवते. कोथरूड-वारज्यात असे डबे घेणारं कुणी माहीत असेल तर कृपया लिहा.