‘दोघी मैत्रिणी राहतात’ : न दिसणाऱ्या जोडप्यांविषयी अनुभव धागा

मृण्मयी (धागाकर्ती)

दोन बायकांनी मिळून फ्लॅट भाड्याने घेणं पुण्यात इतकं नेहमीचं आहे की एजंट, घरमालक, स्वयंपाकाच्या मावशी, कुणालाच त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही. एकीचं लग्न किंवा बदली होईपर्यंतची सोय, असं सगळे धरून चालतात. त्या दोघी जोडीदार असतील हे दहा वर्षं शेजारी राहूनही लोकांच्या मनात येत नाही. लेस्बियन बायका अशा नजरेआड का राहतात, आणि सतत असं राहिल्याने स्वतःच्या खरेपणाबद्दल त्यांना काय वाटू लागतं, यावर कामाच्या निमित्ताने ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. कुणाची ओळख पटेल असे तपशील नकोत. काय घडतं, कुठे अडतं, का अडतं, ते नेमकं लिहा.

वैदेही (समुपदेशक)

सुरुवातीची काही वर्षं हा ‘मैत्रिणी’चा पडदा सोयीचाच असतो. घर पटकन मिळतं, सोसायटीत प्रश्न येत नाहीत. तिशी उलटली की त्याची किंमत दिसायला लागते, आणि ती बहुतेकांना वाटते त्या जागी नसते. लग्नाचा दबाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापेक्षा कमी बोललं जातं ते असं, की घरच्यांच्या हिशेबात ही ‘मोकळी’ असते. भावाला संसार आहे, बहिणीला सासर आहे, म्हणून आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने गावी कोण राहणार? ही. तिचंही घर आहे, तिथे कुणीतरी तिची वाट बघतंय, हे कुणी मोजत नाही. हळूहळू तीसुद्धा मोजणं सोडते. जोडीदारासाठी रजा मागताना तिला चोरी केल्यासारखं वाटतं.

नातं तुटतं तेव्हा हे सर्वांत उघड होतं. घटस्फोट झाला की ऑफिसात निदान आवाज हळू होतात, कुणी डबा आणतं. इथे सांगता येण्याजोगं वाक्य एकच, ‘रूममेट सोडून गेली.’ त्यावर लोक नवी रूममेट शोधायचे ग्रुप पाठवतात. अशा दुःखाला केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 मध्ये ‘डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ’, म्हणजे हक्क नाकारलेला शोक, असं नाव दिलं. ज्या नात्याला समाज नातं मानत नाही, त्याचा शोक करायचीही परवानगी मिळत नाही, असं त्याचं म्हणणं.

माझ्यासमोर येणाऱ्या बायकांमध्ये एक खूण वारंवार दिसते. मी न विचारता त्या पुरावे काढतात: तिकिटं, चॅट, फोटो, तारखा. आणि शेवटी विचारतात, ‘होतं ना आमच्यात काहीतरी?’ त्या वेळी मी पुरावे बघत बसत नाही. घराची वाटणी कशी झाली ते विचारते. डिपॉझिट कुणाचं होतं, गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर, मांजर कुणाकडे गेलं? ती उत्तरं देते आणि बोलता बोलता तिला स्वतःलाच ऐकू येतं की आपण एक मोडलेला संसार सांगतोय. आमच्या माहितीच्या फॉर्मवर पूर्वी ‘विवाहित / अविवाहित’ एवढंच होतं. आता ‘घरात कोण कोण आहे’ आणि ‘अडीअडचणीला पहिला फोन कुणाला कराल’ असे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नापाशी बऱ्याच जणी थांबतात, आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं.

तेजस

2018 च्या निकालानंतर हे सगळं कायदेशीर झालंय ना? जॉइंट अकाउंट काढायचं, एकमेकींना नॉमिनी करायचं, म्हणजे जे काही आहे ते आपोआप एकमेकींना मिळतं. थोडी जागरूकता हवी, बाकी अडचण काय आहे?

ॲड. रेवती

अर्धं बरोबर आहे, उरलेलं अर्धं महागात पडतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरता कलम 377 चा गुन्हा संपवला. पण त्या कलमाच्या शब्दांत दोन बायका मुळात नीट बसतच नव्हत्या. इंग्लंडमध्ये तर 1921 मध्ये बायकांमधले संबंध गुन्हा ठरवायचा प्रस्ताव आला होता आणि संसदेच्या वरच्या सभागृहाने, म्हणजे लॉर्ड्सनी, तो फेटाळला. कारण काय, तर बहुतेक बायकांनी असलं काही ऐकलेलंच नसतं, कायदा करून कशाला कळवायचं! कायद्याला पुरुष दिसला तो गुन्हेगार म्हणून, बाई तेवढीही दिसली नाही. म्हणून बंदी उठल्यावर लेस्बियन बाईच्या हातात फारसं नवीन काही पडलं नाही. तिची भीती पोलिसांपेक्षा घरातली असते: ‘मिसिंग’ची तक्रार, नोकरी सोडायला लावणं, घाईघाईत ठरवलेलं लग्न.

आता नॉमिनी. जॉइंट अकाउंट काढायला आणि त्यात जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही, असं केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने 28 ऑगस्ट 2024 रोजी स्पष्ट केलंय. शाखेत अडवलं तर ते पत्रक दाखवा. पण नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारी व्यक्ती. मालकी वारसांची. अविवाहित हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर, मूलबाळ नसल्यास, सगळं आईवडिलांकडे जातं. ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे बहुधा भावंडांकडे. वीस वर्षं सोबत राहिलेली जोडीदार त्या यादीत कुठेच नाही. आयुर्विम्यातही नॉमिनीला स्वतःच्या हक्काने पैसे मिळतात ते ती आई-वडील, पती-पत्नी किंवा मूल असेल तरच. सोसायटीत नॉमिनीला तात्पुरती सदस्य करतात, वारस ठरेपर्यंत.

म्हणून मृत्युपत्र हवंच. साध्या कागदावर चालतं, स्टँप पेपर लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, त्यांच्यासमोर सही करायची. साक्षीदार मृत्युपत्रात लाभार्थी नसावेत आणि शक्यतो आपल्यापेक्षा तरुण असावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण भाऊ आव्हान देईल असं वाटत असेल तर दुय्यम निबंधकाकडे जरूर करा. बहुतेक जणी एक वाक्य गाळतात: ‘ही व्यक्ती माझी जोडीदार असून अमुक सालापासून आम्ही एकत्र राहतो, म्हणून मी तिला हे देत आहे.’ ते लिहाच. कारण दिलेलं नसेल तर ‘मैत्रिणीने फसवून लिहून घेतलं’ हा आरोप फार सोपा होतो. जिवंतपणी फ्लॅट बक्षीसपत्राने द्यायचा विचार करत असाल तर थांबा. नवरा-बायको किंवा मुलांना राहतं घर बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, तुम्हाला मात्र बाजारमूल्यावर पूर्ण टक्केवारी भरावी लागेल.

शरयू (रुग्णालयातील समाजसेवा विभाग)

एक प्रसंग सांगते, तपशील बदलून. एकेचाळीस वर्षांची बाई, फायब्रॉइडमुळे गर्भाशय काढायचं ठरलेलं. सोबत जोडीदार. काउंटरवर फॉर्ममध्ये ‘नाते’ या रकान्यात तिने ‘मैत्रीण’ लिहिलं. ‘नातेवाईकाची सही लागेल,’ असं उत्तर मिळालं. साताऱ्याहून भावाला बोलावलं. तो आल्यावर डॉक्टर बाहेर येऊन त्याच्याशीच बोलले. दुखतं कधी, गोळ्या कुठल्या सोसत नाहीत, रक्तस्राव किती व्हायचा, हे सगळं माहीत असलेली बाई दोन खुर्च्या पलीकडे बसून होती. नंतर ती मला म्हणाली, ‘माझंच मला वाटलं, मी इथे कशाला थांबलेय?’

इथे कायदा काउंटरपेक्षा पुढे आहे. शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाची स्वतःची संमती लागते आणि ती पुरते. 2008 च्या समीरा कोहली निकालात नेमका गर्भाशय काढण्याचाच प्रश्न होता, आणि आईने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. नातेवाईकाची सही ही रुग्णालयाची सवय आहे.

करायचं ते भरतीच्या दिवशी नको, त्या दिवशी काउंटरवर कुणाला ऐकायला वेळ नसतो. भूलतज्ज्ञांच्या तपासणीला बोलावतात तेव्हा एक पानाचं पत्र द्या: माझ्या प्रकृतीची माहिती कुणाला द्यावी, अतिदक्षता विभागात भेटायला कुणाला सोडावं, मी बोलू शकत नसेन तर कुणाला विचारावं. रुग्णाची सही, दोन साक्षीदार, जोडीदाराचा फोन नंबर. एक प्रत केसपेपरला लावून घ्या, एक सर्जनला हातात द्या. वॉर्डच्या सिस्टर इन्चार्जना तोंडीही सांगा, कारण रात्री दोन वाजता निर्णय त्याच घेतात.

याला मर्यादा आहे. रुग्ण बेशुद्ध असेल आणि भाऊ हजर असेल तर डॉक्टर बहुतेक भावाचंच ऐकतात. कुलमुखत्यारपत्राचाही तेव्हा भरवसा धरू नका, देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की ते टिकत नाही. मानसिक आजाराच्या उपचारांत मात्र उलट आहे. 2017 च्या कायद्याने कोणीही प्रौढ साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो, आणि तो रक्ताचा असावा अशी अट नाही.

सुधीर गो.

मी बारा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आमच्याकडे दोघी राहतात, अतिशय सज्जन. आम्ही कधी त्रास दिला नाही, वर्गणीसुद्धा वेळेवर असते. लोक चौकशी करत नाहीत हे चांगलंच नाही का? सगळं उघड करण्याचा आग्रह कशासाठी?

मृण्मयी

सुधीरकाका, त्रास दिला का हा प्रश्न नाहीये. उद्या त्यातली एक गेली तर सांत्वनाला तुम्ही कुणाच्या दाराशी जाल, हा आहे.

सुधीर गो.

तिच्या आईवडिलांकडे, असंच आलं मनात. विचार करतो.

अनघा (आरोग्य प्रकल्पात काम केलेली)

एक कारण राहून गेलं, पैशाचं. एचआयव्हीच्या कार्यक्रमात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी हे जोखमीचे गट होते, म्हणून त्यांच्यासाठी निधी आला. निधीतून कार्यकर्ते, तपासणी, आणि बसायला एक खोली. ती खोली फार मोठी गोष्ट आहे, तिथे लोकांना पहिल्यांदा आपल्यासारखे इतर भेटले. बायकांना जोखीम कमी, म्हणून निधी नाही, म्हणून खोली नाही. शिवाय पुरुष बागेत, स्टेशनवर रात्री भेटू शकत होते. नऊला हॉस्टेलचं गेट बंद होणाऱ्या मुलीने कुठे भेटायचं? मग आकडेवारीत त्या नाहीत, आणि आकडेवारीत नाहीत म्हणून पुढचा प्रकल्पही नाही.

क्ष

मी आणि ती, सात वर्षं. नावं देत नाही. शरयूताई, फॉर्मवर ‘जोडीदार’ लिहायचं की ‘मैत्रीण’? पुढच्या महिन्यात तिचं ऑपरेशन आहे.

शरयू

मी ‘जोडीदार’ म्हणेन. त्या शब्दाने डॉक्टर तुझ्याशी बोलायला लागतात.

वैदेही

मी आधी विचारेन, तिच्या घरचे येणार आहेत का? केसपेपर खाटेच्या पायाशी लटकलेला असतो, भाऊ तो वाचतो. ऑपरेशननंतरचे आठ दिवस ती अंथरुणात असताना हे घरी कळणं धोक्याचं ठरू शकतं. लिहायचं काय ते तिने ठरवायचं, तू नाही आणि आम्हीही नाही.

ॲड. रेवती

पत्रात नातं लिहिणं बंधनकारक नाही. ‘माझ्या वतीने माहिती घेण्यास मी हिला नेमत आहे’ एवढं पुरतं. केसपेपरवर तेच लावा, जोडीदार म्हणून काय ते सर्जनला दोघींनी खोलीत सांगा.

क्ष

भाऊ येणार आहे. आज रात्री तिच्याशी बोलते.